41 पैकी 19 म्हणजे बहुमत?

खडूस: समितीच्या अध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाने मतदान झालं, त्याच्या मोजणीचा तक्ता बघा. दर फेरीत सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीला. पहिली फेरी: अ 16, ब 13, क 8, ड 4. ड बाद, मग अ 17, ब 15, क 8. क बाद, मग ब 19, अ 18 आणि ब विजयी! मतं 41, तर 21 नकोत? पहिला आलेला हरतो कसा?

मोजणीवाली: शेवटचा रकाना वाचलाच नाहीत. दुसऱ्या फेरीत 1 आणि तिसऱ्या फेरीत 4 मतपत्रिका 'पसंती संपलेल्या' आहेत. त्यांच्यावर उरलेल्या कुणाचाच क्रमांक नाही. उरल्या 37, त्यांचं बहुमत 19. तुमचे 21 धरले तर शेवटी दोघंच उरूनही कुणी निवडून येत नाही. बहुमत कशाचं, हे मतदानाआधी लिहून ठेवावं लागतं. तुमच्या नियमात काय आहे?

खडूस: नुसतं 'बहुमत'.

मोजणीवाली: झालं मग.

एकच_शिक्का: म्हणूनच मी फक्त पहिला क्रमांक लिहितो. दुसरा लिहिला की आपलाच माणूस पडतो.

मोजणीवाली: काहीही! तुमचा पहिला बाद होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाकडे कुणी बघतही नाही.

एकच_शिक्का: मला शिकवू नका. मागच्या वेळी आमच्याकडे माझा उमेदवार पहिल्याच फेरीत गेला आणि ज्याचं तोंड बघवत नाही तो एका मताने आला.

तिरकस: म्हणजे तुमच्याच कृपेने आला की.

एकच_शिक्का: ...तेव्हा कुणी सांगितलं नाही. हात वर करून मत घ्या, सगळी भानगड मिटेल.

तिरकस: आणि कोण कुणाच्या विरोधात गेलं ते वर्षभर पुरेल.

मोजणीवाली: खडूस, भांडण्याआधी क चा आठ पत्रिकांचा गठ्ठा उघडा. 4 ब कडे, 1 अ कडे, 3 संपलेल्या. त्या तीन खरंच संपल्यात? दुसरा क्रमांक आधीच बाद झालेल्या ड चा दिसला, की घाईत पत्रिका बाजूला टाकतात. तिथे तिसरा क्रमांक बघायचा असतो. ही चूक तक्त्यावर दिसत नाही, कारण बेरीज 41 जुळतेच.

खडूस: आज उघडला. दोन पत्रिकांवर क पुढे काही नाही. तिसरीवर 1 क, 2 ड, 3 अ!! म्हणजे 19-19.

एकच_शिक्का: टाका चिठ्ठी.

खडूस: चिठ्ठी कशाला? मागच्या फेरीत अ 17, ब 15. अ विजयी.

मोजणीवाली: दोन्ही पद्धती चालतात, पण आधी ठरलेल्या असतील तर. आता निकाल माहीत असताना अ वाले मागची फेरी मागणार आणि ब वाले चिठ्ठी. तुम्ही कुणाचे, ते कळलंच.

खडूस: अ चाच आहे, लपवतोय कुठे? बरं, 21 चा हट्ट सोडला. मागची फेरी नाही सोडणार.