मदत हवी आहे: हॉलोग्रामचा फोटो धड येत नाहीये, घेणारा व्हिडिओच मागतोय

महालकर_नागपूर
नमस्कार मंडळी. मामांकडची जुनी मासिकं विकायला काढली आहेत, त्यात नॅशनल जिऑग्राफिकचा मार्च १९८४ चा अंक आहे, तोच ज्याच्या कव्हरवर गरुडाचा हॉलोग्राम चिकटवलाय. पुण्याचे एक संग्राहक घ्यायला तयार आहेत. मी त्यांना फोटो पाठवले पण प्रत्येक फोटोत काहीतरी वेगळंच येतं, एकात नुसता चंदेरी चौकोन, एकात हिरवट गरुड, अन् फ्लॅश लावला की पांढरा ठिपका. हातात धरलं की इतका सुंदर दिसतो, पंख अक्षरशः कागदाच्या बाहेर आल्यासारखे. आता ते म्हणतात फोटो नको, अंक हळूहळू फिरवत दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. पाठवायला माझी ना नाही, पण चांगल्या कॅमेऱ्याने एक नीट फोटो काढला तर त्यात कळणार नाही असं व्हिडिओत काय दिसतं? आणि काढायचा कसा?

बर्डीवाला
भाऊ एवढं काय त्यात, बाहेर उन्हात ठेवा अन् चार बाजूंनी चार फोटो काढा, कोलाज करून पाठवा. नागपूरच्या उन्हात सगळं चमकते. व्हिडिओची क्वालिटी फोटोपेक्षा कमीच असते.

प्रकाशरेषा
बर्डीवाला भाऊंचं उन्हाचं म्हणणं बरोबर आहे, कोलाजचं नाही. का ते सांगते, मी प्रिंटिंगमध्ये फॉइल अन् सिक्युरिटी लेबलच्या कामात बरीच वर्षं आहे.

हा गरुड ज्या प्रकारचा आहे त्याला रेनबो हॉलोग्राम म्हणतात, स्टीफन बेंटन यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी काढलेली पद्धत. साध्या बल्बच्या उजेडात दिसावा म्हणून त्यात एक गोष्ट सोडून दिलेली असते, वरखालची खोली. म्हणजे अंक डावीकडे-उजवीकडे फिरवला तर तुम्ही खिडकीतून डोकं हलवून बघावं तसं होतं, जवळचा पंख एकीकडे सरकतो, मागचा भाग दुसरीकडे, आधी झाकलेलं काहीतरी थोडं उघडं पडतं. पण वरखाली कलवला तर गरुड तोच, तसाच, फक्त त्याचा रंग लाल, पिवळा, हिरवा, निळा असा बदलत जातो. म्हणून तुमच्या फोटोत तो हिरवट आला, त्या क्षणी कॅमेरा नेमका हिरव्याच्या जागी होता, बस.

आता फोटोत लेन्स एका जागी, दिवा एका जागी, म्हणजे तुम्हाला एकच रंग अन् एकच बाजू मिळणार, कॅमेरा लाखाचा असला तरी. रंगीत चकाकणाऱ्या फॉइलवर कोणी गरुड छापला तर त्याचाही फोटो असाच येऊ शकतो. फरक फिरवतानाच कळतो: छापलेल्यात इंद्रधनुष्याचा पट्टा चित्रावरून सरकत जातो पण चित्र जागचं हलत नाही, खऱ्यात चित्राचे भाग एकमेकांच्या तुलनेत सरकतात. चार फोटोंच्या कोलाजमध्ये मधला प्रवासच तुटतो, आणि चारही फोटोंत उजेड वेगळा पडलेला असला तर काय सरकलं अन् काय नुसतं उजळलं ते ठरवता येत नाही.

इतवारी_किराणा
माझ्याकडे परवा पाचशेची नोट आली, हलवली तर तारेचा रंग हिरव्याचा निळा झाला, तो हॉलोग्राम खरा समजायचा का? व्हिडिओ काढून टाकू काय इथे?

प्रकाशरेषा
दादा तो हॉलोग्राम नाही. नोटेच्या तारेचा रंग कलवल्यावर हिरव्याचा निळा होतो ते बरोबरच आहे, पण तिथे नुसता रंग बदलतो, आत खोली असलेलं चित्र नसतं. आणि एका खुणेवर नोट ठरवू नका, शंका असेल तर बँकेत दाखवा.

महालकर_नागपूर
ताई, हे फारच छान समजलं. आता काढू कसा ते पण सांगा ना. घरी ट्यूबलाइटखाली करून पाहिला तर गरुड पुसट, दुधाळ दिसून राहिला.

प्रकाशरेषा
ट्यूब बंद करा. ती लांब असते ना, तिच्या प्रत्येक भागाकडून थोडी सरकलेली प्रतिमा तयार होते अन् सगळ्या एकावर एक पडून चित्र फासल्यासारखं होतं, कागदापासून जेवढा भाग पुढे-मागे असतो तेवढा तो जास्त पुसट. एकच छोटा दिवा हवा, दुसऱ्या फोनचा टॉर्च चालेल, साधारण हातभर अंतरावर, फोनच्या वरच्या बाजूने तिरका खाली येणारा. समोरून फ्लॅश मारला की फॉइल आरशासारखं वागतं, तोच तुमचा पांढरा ठिपका.

काढणारा फोन चार पुस्तकांना टेकवून स्थिर ठेवा. हलवायचा तो अंक, फोन नाही. फोन हलला की फोकस शोधत बसतो अन् बघणाऱ्याला कळत नाही नक्की काय फिरलं. स्क्रीनवर गरुडावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस अन् उजेड दोन्ही लॉक होतात, मग उजेड थोडा खाली ओढा. लॉक केलं नाही तर फॉइल चमकलं की फोन स्वतःच पूर्ण चित्र काळं करतो, म्हणजे जो क्षण दाखवायचा तोच जातो.

मग अंक डावीकडून उजवीकडे, मधल्यापासून वीस-पंचवीस अंश इकडे अन् तेवढाच तिकडे, पाच-सहा सेकंद घेऊन. थांबा. मग तसंच वरखाली. त्यापेक्षा जास्त कलवलं तर गरुड विझूनच जातो. घाईत फिरवलं तर चित्र पलटायच्या क्षणीच फ्रेम फासतात, अन् व्हॉट्सॲप दाबून पाठवतं तेव्हा ते बारीक डिटेल आणखी जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बर्डीवाला
हे पटलं. पण एलईडी बल्बखाली माझ्या व्हिडिओत काळे पट्टे येतात त्याचं काय?

प्रकाशरेषा
आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्यात ५० हर्ट्झची सेटिंग असेल तर ती ठेवा, नाहीतर टॉर्च घ्या, तो बॅटरीवर चालतो, बहुतेक टॉर्चला पट्टे येत नाहीत.

जुनाट_कागद
मी पण जुने अंक जमवतो, घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आम्ही व्हिडिओ मागतो तो नुसता खरा-खोटा बघायला नाही. फॉइलवरची घडी किंवा नखाचा ओरखडा एकाच कोनात लखकन् चमकतो अन् बाकी वेळ गायब असतो. विकणाऱ्याने नेमका तो कोन टाळून फोटो पाठवला तर आम्हाला अंक हातात आल्यावर कळतं. व्हिडिओत रंगाचा पट्टा सरकताना जिथे वाकडा होतो तिथे फॉइल दबलेलं असतं, हे नीट बघा. आणि याच मासिकाचा डिसेंबर १९८८ चा अंक असेल मामांकडे तर तोही सांगा, त्याचं सगळं कव्हरच हॉलोग्राम आहे, एका कोनातून काचेची पृथ्वी अख्खी अन् दुसऱ्यातून फुटलेली. त्याचा एक फोटो पाठवला तर अर्धी गोष्टच पाठवली.

अजून एक, कट न करता एकाच टेकमध्ये आधी पूर्ण कव्हर, तारीख, मग गरुड असं दाखवा, म्हणजे दुसऱ्याच अंकाचा व्हिडिओ असल्याची शंका राहत नाही.

महालकर_नागपूर
आत्ताच टॉर्चने काढून पाहिला. डावी-उजवीकडे फिरवताना पंख खरंच सरकतोय, वरखाली केल्यावर नुसता रंग बदलतोय, ताईंनी सांगितलं तसंच. पण एक नवीनच दिसलं, खालच्या कडेला बोटभर रुंद पट्टा आहे तो कुठल्याच कोनात रंग घेत नाही, राखाडीच राहतो. कोणत्याही फोटोत हे दिसलं नव्हतं. फॉइल सुटून राहिलं की झिजलंय?

जुनाट_कागद
माझ्या एका अंकावर तसं आहे, मला तरी डिंक सुटल्याचं वाटतं.

प्रकाशरेषा
डिंक सुटला तर फॉइल फुगतं, रंगाचा पट्टा तिथे वाकडा होईल पण रंग येईलच. रंग अजिबात नाही म्हणजे फॉइलवरच्या ज्या बारीक रेघांमुळे रंग अन् चित्र दिसतं त्या घासल्या गेल्या असाव्यात, किंवा वर काहीतरी बसलंय, तेल किंवा जुना सेलोटेप, त्याने रेघा बुजतात. व्हिडिओवरून यातलं कोणतं ते सांगता येणार नाही. पुसायला जाऊ नका, काहीही लावू नका, आधी भिंगाने त्या पट्ट्याची कड बघा, एकदम सरळ रेषेत संपते की विरळ होत जाते, ते इथे सांगा. आणि पुण्याच्या त्या गृहस्थांना हा भाग व्हिडिओत मुद्दाम दाखवा.