कॅव्हिअट एम्प्टर आणि हेबिअस कॉर्पस : ही वाक्ये कोणाला उद्देशून आहेत?

दौतलेखणी
एका माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना पुढील वाक्याशी अडले आहे : ‘कॅव्हिअट एम्प्टर ग्राहकाचे संरक्षण करते आणि हेबिअस कॉर्पस नागरिकाचे.’ वाक्याचा पूर्वार्ध मला खटकतो, पण नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. ‘ग्राहक सावधान’ आणि ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ हे प्रतिशब्द चालतील का, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

रेवाकाठ
‘बंदी प्रत्यक्षीकरण’ हा हिंदीतला शब्द आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘देहोपस्थिती’ आहे. पूर्वार्धात मला काही चूक दिसत नाही, कारण सावध केलेला माणूस फसत नाही. अर्थात 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर ते तत्त्व आपल्याकडे संपलेच. हेबिअस कॉर्पस म्हणजे अटक केलेल्याला 24 तासांत न्यायालयापुढे उभे करण्याचा नियम.

जुनी सनद
रेवाकाठ यांचे ‘देहोपस्थिती’ बरोबर आहे, पण पुढच्या दोन्ही विधानांना दुरुस्ती हवी. आधी व्याकरण पाहू, कारण दौतलेखणी यांना जे खटकते आहे त्याचे मूळ तिथेच आहे. ‘कॅव्हिअट’ आणि ‘हेबिअस’ ही दोन्ही लॅटिन क्रियापदे आपल्या विध्यर्थासारखी आहेत, म्हणजे ‘करावे, असावे’ या वळणाची. पहिल्याचा अर्थ ‘खरेदीदाराने सावध असावे’ आणि दुसऱ्याचा ‘तुझ्यापाशी देह असावा’, म्हणजेच ‘त्या माणसाला घेऊन तू हजर व्हावेस’. आता हे कोणाला सांगितले आहे ते पाहा. पहिल्यात कर्तव्य खरेदीदारावर येते. दुसऱ्यातला ‘तू’ हा कैदी नसून त्याला डांबून ठेवणारा आहे. म्हणून पहिल्या तत्त्वाने वाचतो तो विक्रेता, तर दुसऱ्या आदेशात कैद्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. कोणत्या अधिकाराने डांबले, हे डांबणाऱ्याने दाखवायचे असते.

1603 मधला इंग्लंडचा एक खटला या तत्त्वाच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका सोनाराने ‘हा जहरमोहरा आहे’ असे सांगून एक खडा 100 पौंडांना विकला आणि तो जहरमोहरा, म्हणजे विषावर उतारा मानला जाणारा खडा, नव्हता. न्यायालयाने म्हटले की नुसते ‘आहे’ म्हणणे वेगळे आणि हमी देणे वेगळे. हमी दिली नव्हती म्हणून दावा टिकला नाही. यात ग्राहकाचे कोणते संरक्षण झाले?

24 तासांचा नियम घटनेच्या 22 व्या अनुच्छेदातला आहे आणि तो अटक करणाऱ्यावर आपोआप लागू होतो. देहोपस्थितीसाठी मात्र कोणी तरी 32 व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात किंवा 226 व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जावे लागते. तो अर्ज कैद्याचा भाऊ, पत्नी किंवा मित्रही करू शकतो, आणि डांबणारा पोलीसच असला पाहिजे असे नाही.

मोगरा
आमच्या वडिलोपार्जित घराच्या वादात वकिलांनी ‘कॅव्हेट’ दाखल केले होते आणि त्याची मुदत 90 दिवसांची असल्याचे सांगितले होते. खरेदीदारालाही असेच कॅव्हेट आधी दाखल करावे लागते का? विचारण्याचे कारण असे की मी शेजाऱ्यांकडून जुनी स्कूटर घेतली आणि महिन्याभरात तिचे इंजिन बसले. त्यांना त्याची कल्पना होती, असे गॅरेजवाला म्हणतो. कॅव्हेट न केल्यामुळे माझा हक्क गेला का?

जुनी सनद
मोगराताई, शब्द तोच असला तरी गोष्ट निराळी आहे. तुमच्या वकिलांचे कॅव्हेट म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ अशी न्यायालयाला दिलेली सूचना होती. खरेदीत असे काही दाखल करायचे नसते.

स्कूटरचा प्रश्न मात्र थेट याच विषयातला आहे आणि तत्त्व संपलेले नाही हे त्यातून दिसते. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 16 वे कलम सुरुवातीलाच सांगते की मालाच्या दर्जाची कोणतीही हमी गृहीत धरली जाणार नाही, आणि मग अपवाद देते. खरेदीदाराने उपयोग सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या उपयोगाला योग्य असला पाहिजे. पण त्यासाठी तसा माल विकणे हा विक्रेत्याचा धंदा असावा लागतो. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला हे लागू होईल, शेजाऱ्याला सहसा नाही. त्यामुळे स्कूटरच्या दर्जाबाबत तुम्ही पुष्कळशा 1603 मध्येच उभ्या आहात.

यातून सुटका झालीच तर 1872 च्या करार कायद्यातून होईल. त्याच्या 17 व्या कलमात घोड्याचे एक सुरेख उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याने सांगणे भाग आहे. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष धरीन’, तर तिथले मौन हे बोलणेच ठरते. तेव्हा मुद्दा असा, की तुम्ही इंजिनाबद्दल काही विचारले होते का? आणि शेजारी त्यावर काय म्हणाले?

मोगरा
विचारले नव्हते. उलट त्यांनीच ‘गाडी मक्खन आहे’ असे म्हटले होते.

रेवाकाठ
म्हणजे पुन्हा जहरमोहराच! ‘मक्खन’ हे विधान की हमी की नुसती बढाई?

जुनी सनद
दोष ठाऊक असून तसे म्हटले असेल तर फसवणुकीचा दावा करता येईल, पण ‘ठाऊक होते’ हे मोगराताईंनाच सिद्ध करावे लागेल. गॅरेजवाल्याच्या तर्कावर ते कितपत टिकेल, याची मला शंका आहे.

पानशेतकर
देहोपस्थितीची मर्यादा दाखवणारा एक खटला आपल्या पुण्याचाच आहे. 1828 मध्ये मोरो रघुनाथ हा चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात आपल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या, पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. त्याला डांबून ठेवले आहे, अशा तक्रारीवरून मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने हेबिअस कॉर्पस काढला. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या सरकारने तो अमलात आणायला साफ नकार दिला. त्याच सुमारास दोन न्यायाधीश वारल्यामुळे सर जॉन पीटर ग्रँट एकटेच उरले होते. त्यांनी 1829 च्या एप्रिलमध्ये चक्क न्यायालयच बंद केले. पुढे प्रिव्ही कौन्सिलने निकाल सरकारच्या बाजूने दिला : पुण्याच्या रहिवाशावर मुंबईच्या त्या न्यायालयाची हुकमत नाही. मुलाला डांबणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न तसाच राहिला.

जुनी सनद
उत्तम आठवण काढलीत. ‘तू’ म्हणण्याचा अधिकार न्यायालयाला पोहोचत नसेल तर ते वाक्यच लुळे पडते. 1976 मध्ये निराळ्या मार्गाने तेच घडले. आणीबाणीतील स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतील, असे मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. विरोधी मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे होते. तो निकाल 2017 मध्ये औपचारिकपणे रद्दबातल ठरला.

दौतलेखणी
मग वाक्य असे बदलते : ‘कॅव्हिअट एम्प्टर पारखण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकून विक्रेत्याला वाचवते, हेबिअस कॉर्पस समर्थनाची जबाबदारी डांबणाऱ्यावर टाकून डांबलेल्याला वाचवते.’ ‘ग्राहक’ मात्र काढून ‘खरेदीदार’ ठेवते, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पुनर्विक्रीसाठी माल घेणारा बसत नाही, पण एम्प्टर तोही असतो.

रेवाकाठ
हे पटले. ‘देहोपस्थिती’ मात्र आता मलाच नकोसा वाटू लागला आहे. ‘देह’ म्हटले की मराठी कानाला आधी निष्प्राण शरीर आठवते.

जुनी सनद
शिवाय उपस्थितीही अपरिहार्य नाही. 1973 मध्ये कनू सन्याल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कैद्याला समोर न आणताही स्थानबद्धतेची वैधता तपासता येते. म्हणजे शब्दातला देहही गेला आणि उपस्थितीही. तरी घटनेच्या मराठी पाठातला शब्द बदलण्याच्या मी विरोधात आहे.

पानशेतकर
मी ‘बंदी-हजेरी’ सुचवतो. हजेरी झाली नाही तरी ती मागण्याचा हक्क त्या शब्दात राहतो.