मदत हवी आहे: ग्राहकाचे जास्तीचे पैसे परत करावेत की पुढच्या बिलात वळते करावेत?

रत्नागिरीत आमचा आमरसाच्या डब्यांचा कारखाना आहे. पुण्याच्या एका मिठाईवाल्यांचं बिल 84,500 रुपयांचं होतं. काही डबे फुगलेले निघाले म्हणून 6,300 ची क्रेडिट नोट काढली, म्हणजे येणं राहिलं 78,200. त्यांनी मात्र मूळ बिल बघून पूर्ण 84,500 एनईएफटीने पाठवले.

ते म्हणतात, पुढच्या बिलात वळते करा. दर महिन्याला माल जात असता तर तेच सोपं होतं. टॅलीत रक्कम ऑन अकाउंट ठेवून पुढच्या बिलाशी जोडायची, झालं. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटीही भरावा लागत नाही. पण त्यांची ऑर्डर थेट मे महिन्यात येते. मध्ये 31 मार्चला आमच्याकडे हे देणं दिसणार आणि त्यांनी क्रेडिट नोट नोंदवलीच नसेल, तर त्यांच्या वहीत शून्य. म्हणून आधी त्यांचा खातेउतारा मागवला आहे.

माझा कल परत करण्याकडे आहे, आणि तेही पेमेंट व्हाउचरनेच. पुन्हा क्रेडिट नोट काढली तर विक्री आणि कर दोनदा कमी होतील.

अडचण वेगळीच आहे. पैसे त्यांच्या भावाच्या फर्मच्या खात्यातून आलेत आणि परतावा मात्र स्वतःच्या खात्यात मागताहेत. मला तो आलेल्या खात्यातच पाठवणं योग्य वाटतं. अशा वेळी तुम्ही दोन्ही फर्मकडून लेखी संमती घेता का? त्यात कोणता मजकूर असतो? कुणाकडे नमुना असेल तर कृपया द्या.