मदत हवी आहे: कर्कटकाने किनारा वाढत जातो, संगणकावर मात्र तेवढाच राहतो

बोर्डी_ते_रेडी
नमस्कार मंडळी. शाळेच्या प्रदर्शनासाठी महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा तक्ता करायचा आहे. १ सेमीला १० किमी अशा छापील नकाशावर मुलांनी कर्कटकाचं तोंड आधी ४ सेमी, मग २, १ आणि शेवटी अर्धा सेमी उघडून किनारा चालून काढला. तोंड जितकं लहान तितकी बेरीज मोठी आली. तसं होतं हे वाचून माहीत होतं.

मग तेच QGIS मध्ये केलं. किनाऱ्याची रेषा घेतली, `Points along geometry` वापरून दर ४०, २०, १० आणि ५ किमीवर बिंदू टाकले आणि बिंदूंमधले टप्पे मोजून अंतराने गुणले. चारही वेळा लांबी जवळजवळ तीच! चुकतंय कोण, कर्कटक की संगणक?

दुसरं, तक्त्यावर आकडा कोणता लिहू? पुस्तकात ७२० किमी आहे, गृह मंत्रालयाच्या जुन्या यादीत ६५२.६ आणि नव्या यादीत ८७७.९७.

उपग्रहनजर
कर्कटक म्हणजे आजोबांच्या काळचं तंत्र. मोजणी सुधारली की आकडा खऱ्या लांबीच्या जवळ जातो, इतकंच. पूर्वी कोपरे कापले जायचे, आता जात नाहीत. ८७७.९७ लिहा आणि मोकळे व्हा.

नकाशेवाला
कोपरे कापले जातात हे बरोबर. पण "खऱ्या लांबीच्या जवळ" यावर नंतर येतो, आधी संगणकाचं बघू.

सर, तुम्ही टाकलेले बिंदू रेषेवरून चालत दर ४० किमीवर पडलेत. म्हणजे सॉफ्टवेअरने प्रत्येक वळण आधीच मोजलं आणि मग खूण केली. टप्पे गुणिले अंतर म्हणजे मूळ रेषेचीच लांबी, शेवटचा अपुरा तुकडा वगळून. दर ४० ऐवजी दर ४ किमीवर खुणा केल्या तरी तीच येणार. कर्कटक वळणं मोजत नाही, ते एका टोकावरून दुसऱ्या टोकावर सरळ उडी मारतं. खाडीच्या तोंडावर ते पाण्यावरून पलीकडे जातं.

दुरुस्ती सोपी आहे. तेच बिंदू `Points to path` ने क्रमाने सरळ रेषांनी जोडा आणि त्या नव्या रेषेची लांबी घ्या. मात्र आता प्रत्येक सरळ तुकडा ४० किमीचा नसेल, कमी असेल. म्हणून मोजपट्टी ४० किमी धरू नका. नव्या रेषेची लांबी भागिले तुकडे, ही सरासरी मोजपट्टी धरा. हे अगदी कर्कटक नव्हे, पण शाळेच्या तक्त्याला चालतं. `Simplify` वापरण्याचा मोह टाळा. तिथला सहनशीलतेचा आकडा म्हणजे रेषा किती बाजूला सरकू द्यायची ते अंतर, पावलाची लांबी नाही.

आणि प्रोजेक्शन तपासा. पार्श्वभूमीच्या नकाशासारखं EPSG:3857 ठेवून प्रतलावरची लांबी घेतली, तर १८ अंश अक्षांशावर प्रत्येक अंतर सुमारे ५ टक्के जास्त येतं. कोकणासाठी EPSG:32643 घ्या.

उपग्रहनजर
मान्य. पण मोजपट्टी लहान करत गेलं की आकडा कुठेतरी स्थिरावणारच ना? वर्तुळात बहुभुज काढत गेलो की परीघ मिळतो, तसंच.

नकाशेवाला
वर्तुळाचं उदाहरण बरं काढलंत, फरक तिथेच दिसतो. १०० किमी व्यासाचं गोल बेट घ्या. ५० किमीच्या पावलाने षटकोन होतो, लांबी ३००. बारा बाजू केल्या की पाऊल साधारण २५.९ किमी आणि लांबी ३१०.६. चोवीस बाजूंना ३१३.३, अठ्ठेचाळीसला ३१३.९. वाढ बघा: १०.६, मग २.७, मग ०.७. पाऊल निम्मं केलं की वाढ चौथाईवर येते, म्हणून आकडा ३१४.२ ला टेकतो. कारण गुळगुळीत वक्र जवळून पाहिला की सरळच दिसतो, पावलातून सुटण्यासारखं काही उरत नाही.

आता किनारा. दोन भूशिरं ८ किमी अंतरावर, मधे बरोबर मध्यावर ३ किमी आत शिरलेला उपसागर. ८ किमीचं पाऊल वरून निघून जातं, लांबी ८. पाऊल ५ किमीचं केलं की ते आत जाऊन बाहेर येतं (३-४-५ चा त्रिकोण), लांबी १०. आता त्या ५ किमीच्या प्रत्येक बाजूवर तशाच प्रमाणात लहान वळण असेल, तर ३.१२५ किमीच्या पावलाने १२.५ मिळतात. पुढच्या पायरीला १५.६. वाढ २, २.५, ३.१. कमी होत नाही, उलट चढते. मोठ्या वळणात लहान वळण, त्यात खडक, खडकात कपार असं जोवर चालू आहे तोवर टेकायला आकडाच नाही.

लुईस फ्राय रिचर्डसनने हे आकड्यांत पकडलं. त्याचं काम १९६१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. पुढे १९६७ मध्ये मँडेलब्रॉटने त्याला भूमितीचा अर्थ दिला. रेषा किती वेडीवाकडी आहे याचं माप म्हणजे मिती, सरळ रेषेला ती १. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी मिती १.२५ निघते, म्हणजे पाऊल निम्मं केलं की लांबी सुमारे १९ टक्के वाढते. ऑस्ट्रेलियाला १.१३, म्हणजे ९ टक्के. दक्षिण आफ्रिकेला १.०२, तिथे जेमतेम दीड टक्का. दक्षिण आफ्रिकेचा किनारा इतका गुळगुळीत आहे की तुमचं म्हणणं तिथे जवळपास चालून जातं.

खाडीकाठची_बाग
थोडं वेगळं विचारतो. आमची जमीन खाडीला लागून आहे, खाडीकडची हद्द वेडीवाकडी. बारीक मोजणी केली तर सातबाऱ्यावरचं क्षेत्रसुद्धा वाढेल का?

नकाशेवाला
नाही. हद्दीची लांबी वाढते, क्षेत्र नाही. बारीक पावलाने एका ठिकाणी थोडी जमीन आत येते, दुसऱ्या ठिकाणी थोडी बाहेर जाते आणि हे तुकडे झपाट्याने लहान होत जातात, त्यामुळे क्षेत्र ठरावीक आकड्याशी थांबतं. फक्त त्या बाजूला कुंपण घालणार असाल तर तार किती लागेल हे खांब किती अंतरावर यावर ठरेल.

खाडीकाठची_बाग
खांब दहा फुटांवर आहेत. म्हणजे तार दहा फुटांच्या पट्टीने मोजायची. कळलं.

लॉगपेपर
महाराष्ट्राची मिती काढता येईल की! भारताचा जुना आकडा ७५१६.६ किमी, १:४५,००,००० प्रमाणावरचा. नवा ११,०९८.८१ हा १:२,५०,००० वरचा. मोजपट्टी १८ पट लहान झाली असं धरू.

```python
from math import log
1 + log(11098.81/7516.6)/log(18)   # 1.135
1 + log(877.97/652.6)/log(18)      # 1.103
```

भारत १.१३, अगदी ऑस्ट्रेलिया. महाराष्ट्र १.१०. पश्चिम बंगाल १५७.५ वरून ७२१.०२, म्हणजे १.५३, सुंदरबन आहे, शोभतं. तक्त्यावर हेच टाका.

नकाशेवाला
हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष टिकत नाही. हाच हिशेब पुदुच्चेरीला लावा: ४७.६ वरून ४२.६५. लांबी घटली, म्हणजे मिती एकाहून कमी. रेषेला ते शक्य नाही. याचा अर्थ दोन यादींमध्ये केवळ मोजपट्टी बदललेली नाही. कोणती भरतीरेषा, कोणती बेटं, खाडी कुठे बंद केली, यातलंही काही बदललं असणार. पुदुच्चेरीत ते उघडं पडलं, बंगालमध्ये तो फरक मोठ्या वाढीत लपून गेला असेल. शिवाय दोनच बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, ती बरोबर आहे की नाही हे तपासायला तिसरा बिंदू नाही.

सरांकडे मात्र एकाच रेषेवरची चार पावलं आहेत. मिती त्यावरून काढा:

```python
import numpy as np
D = 1 - np.polyfit(np.log(G), np.log(L), 1)[0]
```

G मध्ये पावलं, L मध्ये लांब्या.

लॉगपेपर
पुदुच्चेरीचं पटलं. पण त्याचे चार जिल्हे तीन राज्यांच्या किनाऱ्यांवर विखुरलेले, इतक्या लहान तुकड्यांवर मोठं प्रमाण तसंही गोंधळ घालतं. त्या एका अपवादावर बाकीचे सगळे आकडे रद्द करायला मी तयार नाही.

बोर्डी_ते_रेडी
जोडरेषेची युक्ती लागू पडली, आता संगणकावरही लांबी वाढते. ४० ते २ किमीपर्यंत बिंदू लॉग आलेखावर बऱ्यापैकी सरळ रेषेत आहेत. त्याखाली मात्र रेषा आडवी होते. ५०० मीटर आणि २५० मीटर यांत जवळपास फरकच नाही. ही खरी लांबी समजायची का?

उपग्रहनजर
मी हेच म्हणत होतो.

नकाशेवाला
नाही हो. ही तुमच्या फाइलीची तळरेषा आहे, किनाऱ्याची नव्हे. ओळखायची पद्धत अशी: रेषेची पूर्ण लांबी भागिले तिच्यातले शिरोबिंदू. समजा उत्तर ४०० मीटर आलं. रेषा काढणाऱ्याने सरासरी ४०० मीटरवर बिंदू टाकला आणि मधे सरळ काठी आखली. त्या काठीवर ५० मीटरचं पाऊल चालवलं तरी नवं वळण सापडणार कुठून? याच कारणाने छापील नकाशावरही अर्ध्या सेमीच्या खाली फार उतरू नका, तिथे नकाशाकाराने स्वतःच वळणं गाळलेली असतात. आलेखात शिरोबिंदूंच्या सरासरी अंतराच्या निदान चारपाच पट पावलं घ्या, बाकीचे बिंदू तक्त्यावर दाखवा पण मितीच्या हिशेबात धरू नका.

वरच्या टोकालाही काळजी घ्या. ४० किमीच्या पावलाने तुमच्या किनाऱ्यावर फार थोडी पावलं पडतात, त्यामुळे सुरुवात बोर्डीपासून की रेडीपासून यानेच उत्तर हलतं. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी घ्या आणि शेवटचा अपुरा तुकडा सोडून देऊ नका, अपूर्णांकात धरा.

उपग्रहचित्रातून स्वतः रेषा काढणार असाल तर सगळी चित्रं भरतीच्या एकाच अवस्थेतली हवीत. ५० ला १ अशा उताराच्या पुळणीवर पाणी ४ मीटर उतरलं की काठ २०० मीटर समुद्राकडे जातो. ओहोटीचं चित्र भरतीच्या चित्राला जोडलं की सांध्यावर नसलेली पायरी तयार होते आणि लहान पावलं ती इमानेइतबारे मोजतात.

आकड्याचं म्हणाल तर ८७७.९७ लिहा, खाली "१:२,५०,००० प्रमाण" हे ठळक लिहा. ६५२.६ शेजारी ठेवा, त्याचंही प्रमाण लिहून. ७२० ला प्रमाण सापडत नसेल तर तो तुलनेत घेऊ नका.

बोर्डी_ते_रेडी
आभार. एक राहिलं. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, एवढ्या खाड्या. रेषा आत कुठवर न्यायची? आमच्या फाइलीत काही खाड्या तोंडाशीच कापल्यात, काही बऱ्याच आतपर्यंत गेल्यात.

नकाशेवाला
ते आधी एकसारखं करा, नाहीतर वरचा सगळा खटाटोप वाया. माझ्या मते शाळेसाठी सगळ्या खाड्या तोंडाशी सरळ रेषेने बंद कराव्यात. नियम एक, वाद नाही.

लॉगपेपर
तोंडाशी कापलं तर कोकणात उरतं काय? सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाडीची हद्द कोरड्या ऋतूत पाण्याची क्षारता हजारी ५ भाग असते तिथवर धरली आहे. तोच नियम घ्या.

नकाशेवाला
क्षारता नववीच्या मुलांनी मोजायची कुठे? आणि तो नियम बांधकामासाठी आहे, लांबीसाठी नव्हे.

लॉगपेपर
मग दोन्ही रेषा काढा, तोंडाशी कापलेली आणि आत नेलेली. दोन्हींच्या मिती वेगळ्या आल्या तर इथे टाका. आत नेलेलीची जास्त येईल असं मला वाटतं.