पहिला फुटला तो सुटला: कार्टेलवाल्यांना माफी द्यावी का?

बंदरवाला: मासेमारीची बंदी उठली आणि आमच्या बंदरावरच्या तिन्ही बर्फ फॅक्टऱ्यांनी लादीचा दर एकाच दिवशी, एकाच आकड्याने वाढवला. विचारलं तर तिघांचं एकच उत्तर, लाइट बिल वाढलं. आता कोणीतरी सांगितलं की अशा संगनमतातला, म्हणजे कार्टेलमधला, जो पहिला स्पर्धा आयोगाकडे जाऊन कबूल करतो त्याचा दंड माफ होतो. म्हणजे आमचे पैसे खाऊन वर हाच साळसूद? मला नाही पटत. तुमचं काय मत?

नाखवा७७: अरे कॉलेजात शिकवतात की हे, कैद्यांचा पेच. दोन चोर वेगवेगळ्या खोलीत बसवायचे, दोघांना सांगायचं जो आधी बोलेल तो सुटेल. मग दोघंही पोपटासारखे बोलतात कारण गप्प राहण्यात कधीच फायदा नसतो. इथेही तेच, पहिल्याला पूर्ण माफी आणि बाकीचे जेलात. सिंपल आहे, उत्तम कायदा.

तारेवरची सुकट: उत्तम कसला? चोराला बक्षीस देऊन चोरी पकडायची म्हणजे पोलिसांनी स्वतः काही करायचंच नाही. आणि माफी मिळालेल्याने खाल्लेले पैसे परत कोण देणार, ते तर त्याच्याच खिशात.

मुरुडकर सीए: नाखवा, निम्मं बरोबर. पहिलं म्हणजे आपल्याकडे कार्टेलसाठी जेल नाही, दंडच आहे, पण तो साधासुधा नाही. जितकी वर्षं संगनमत चाललं त्यातल्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत स्पर्धा आयोग जाऊ शकतो. दुसरं, पहिल्याला "१०० टक्क्यांपर्यंत" माफी, दुसऱ्याला ५० पर्यंत, तिसऱ्यापासून पुढे ३० पर्यंत. त्या "पर्यंत"मध्येच सगळी मेख आहे. या माफीच्या कलमाखालची पहिली सवलत मिळाली २०१७ च्या जानेवारीत, रेल्वेला पंखे पुरवणाऱ्यांच्या केसमध्ये, आणि तिथे पहिल्यालाही ७५ टक्केच मिळाली, कारण आयोगाच्या हातात आधीच पुरावा आला होता.

आता पेचाचं. गप्प राहण्यात कधीच फायदा नसतो हे चोरांच्या गोष्टीत खरं, कारण ते आधीच कोठडीत आहेत. फॅक्टरीवाला कोठडीत नाही, तो आपल्या गल्ल्यावर मजेत बसलाय. दोघंच फॅक्टरीवाले धरा आणि आकडे मनातले घ्या. गप्प राहिले तर पुढे प्रत्येकाला २ कोटी जास्तीचे मिळणार. पकडले गेले तर दंड १० कोटी, पण आयोगाने आपणहून पकडण्याची शक्यता दहात एक, म्हणजे मनातल्या मनात १ कोटीचा धाक. दोघं गप्प तर प्रत्येकी २ वजा १, म्हणजे १ कोटी फायदा. मी एकटा जाऊन बोललो तर दंड शून्य पण ते २ कोटीही गेले, हाती काहीच नाही. मग दुसरा गप्प असताना मी कशाला बोलू? हां, दुसरा फुटणार असं वाटलं तर गोष्ट फिरते, मी गप्प तर १० कोटी दंड, मागोमाग पळत गेलो तर तो ५ वर तरी येतो. म्हणजे हा खरा पेच नाहीच, हा विश्वासाचा खेळ आहे, सगळे गप्प हेही टिकतं आणि सगळे पळत सुटले हेही टिकतं.

आता पकडलं जाण्याची शक्यता दहात चार करा. गप्प राहून २ वजा ४, म्हणजे २ कोटीचा घाटा. आता दुसरा काहीही करो, मला आधी जाणंच परवडतं. हा झाला खरा पेच. सुकटताई, म्हणून तुमचं अर्धं मान्य आहे, आयोग नुसता दार उघडून बसला तर कोणी येत नाही, माफीला धार येते ती धाडीने.

वायंगणीकार: सीएनू, गणित बरोबर आसा पण बंदर काय असता ता तुमका म्हायत नाय. थंय एकदाच खेळ नसता, रोज सकाळी तीच तोंडा बघूची लागतत. एक फुटलो तर उद्या तेका अमोनिया कोण देतलो, कंप्रेसर बंद पडलो तर पार्ट कोण देतलो, पोराक सोयरीक कोण देतलो? दंड वाचलो तरी गावात काय रवला?

मुरुडकर सीए: हा मुद्दा जबरदस्त आहे, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रोजचा संबंध असला की गद्दाराला शिक्षा गावच देतं आणि ती दंडापेक्षा महाग पडू शकते. एवढंच सांगतो की तोंडं बघायची सवय असलेले लोकही फुटतात. टॉर्चच्या साध्या सेलच्या केसमध्ये पॅनासॉनिक स्वतःहून आयोगाकडे गेली, मग ऑगस्ट २०१६ मध्ये धाडी पडल्या आणि धाडीनंतर एव्हरेडी आणि निप्पोवाले पळत आले. २०१८ च्या निकालात पॅनासॉनिकला पूर्ण माफी, एव्हरेडीला ३० टक्के, निप्पोला २० टक्के. दुसऱ्याला ५० मिळू शकले असते, पण तोवर आयोगाकडे बहुतेक सगळं जमलं होतं, उशिरा आणलेल्या कागदाची किंमत कमी.

हापूस आणि मी: मध्येच विचारतो, आम्ही वाडीतले बारा बागायतदार दरवर्षी बसून ठरवतो की पेटी अमुकच्या खाली दलालाला द्यायची नाही. मग आमच्यातला कोणी आयोगाकडे गेला तर तो सुटणार आणि आम्ही अकरा जण अडकणार का? दलालांनी मिळून दर पाडले की त्यांना कोणी विचारत नाही ते वेगळंच.

मुरुडकर सीए: मिळून दर ठरवणं हे संगनमताच्या कलमात बसतं, लहान-मोठं बघत नाही. प्रत्यक्षात वाडीपर्यंत कोण येईल ते सोडा. पण दलालांच्या संगनमताचे मेसेज कोणाकडे असतील तर माहिती तुम्हीही देऊ शकता, माफीच्या रांगेत मात्र फक्त सामील असलेलाच बसतो.

तारेवरची सुकट: आणि रांग कशी लागते? दोघं एकाच दिवशी गेले तर?

मुरुडकर सीए: तारीख आणि वेळ दोन्ही नोंदतात, मिनिटांचा हिशेब. म्हणून तर वकील आधी जागा पकडून ठेवतात, सगळे कागद नंतर ठरलेल्या मुदतीत देतात. आणि अर्ज केला की आयोगाने वेगळं सांगितलं नाही तर संगनमत तिथेच सोडावं लागतं, माफी घ्यायची आणि इकडे वाढीव दरानेही विकायचं असं चालत नाही. तुमच्या परत मिळण्याच्या प्रश्नावर, नुकसान झालेल्याला अपिलीय न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, माफी फक्त दंडाला लागते. पण खलाशांनी लादीमागे दोन रुपयांचा हिशेब घेऊन दिल्लीला जायचं, हे कागदावरच बरं वाटतं.

नाखवा७७: मग वायंगणीकारांचं गाव कोण फोडणार?

मुरुडकर सीए: बाहेरचा. बिअरच्या केसमध्ये बघा, एबी इनबेव्हने २०१६ मध्ये संगनमतात असलेली सॅबमिलर विकत घेतली, पुढच्या वर्षी अर्ज केला, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये धाडी पडल्या, २०२१ मध्ये बाकीच्यांना मिळून ८७३ कोटींचा दंड. नव्या मालकाला जुन्या शब्दाचं काय सोयरसुतक?

बंदरवाला: थांबा थांबा. तिघांतली खालच्या धक्क्यावरची फॅक्टरी विकायला काढलीय. कोल्हापूरचं गिऱ्हाईक येऊन बघून गेलं म्हणतात, गेल्या मंगळवारी.

वायंगणीकार: तर मगे तेका कोणीतरी चाय पाजा रे.