मदत हवी आहे: पत्रकातील चौकट मजकुरावर येऊन ओळी झाकते

पत्रकवाला
मंडळाच्या रक्तदान शिबिराच्या पत्रकात वेळ-ठिकाणाची चौकट टाकली आहे. ती दुसऱ्या परिच्छेदावर बसते आणि खालच्या तीन ओळी दिसत नाहीत. एंटर मारून मजकूर खाली ढकलला, परंतु वर एक वाक्य वाढवले की पुन्हा तेच होते. आज संध्याकाळी छपाईला द्यायचे आहे, कृपया लवकर सांगा.

गावकरी
चौकट मजकुराच्या मागे पाठवा आणि तिचा रंग काढून टाका, म्हणजे ओळी दिसतील.

मीनलताई
ओळी दिसतील, पण चौकटीतील अक्षरांवर चढून दिसतील. वाचणाऱ्याला दोन्ही वाचता येणार नाहीत. पत्रकवाले, तुम्ही कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता, कागद केवढा आहे आणि चौकट किती रुंद आहे?

पत्रकवाला
वर्डमध्ये, संगणकावर. कागद A5, समास सगळीकडे 1.27 सेंमी आणि चौकट 10 सेंमी रुंद, उजव्या कडेला.

मीनलताई
मग मजकुराला 12.26 सेंमी रुंदी मिळते. चौकटीवर क्लिक करून शेजारच्या Layout Options मध्ये पाहा, तिथे `In Front of Text` निवडलेले असणार, म्हणूनच ओळी तिच्याखाली जातात. `Top and Bottom` निवडा. `Square` घेतले तरी डावीकडे जेमतेम सव्वादोन सेंमी उरतात आणि एक इंचाहून अरुंद पट्टीत वर्ड मजकूर बसवत नाही, त्यामुळे ती जागा कोरीच राहील. त्यानंतर आपण मारलेले सगळे एंटर पुसून टाका.

दूरस्थ
माझ्या पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरे तुटतात, त्यावर काही उपाय आहे का?

मीनलताई
कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा.

पत्रकवाला
झाकलेल्या ओळी आल्या! मात्र पहिले वाक्य लांबवले तर चौकट जागेवरच राहते आणि दुसरा परिच्छेद तिच्यावर-खाली दुभंगतो.

मीनलताई
त्याच मेनूत `Move with text` निवडा. मग Home मधील ¶ चालू करून चौकट निवडा. नांगराचे चिन्ह ज्या परिच्छेदापाशी दिसेल, त्याच्याशी ती बांधलेली असते. ते चिन्ह ओढून दुसऱ्या परिच्छेदापाशी आणा आणि मग चौकट त्याच्या वर सरकवा. तो परिच्छेद पुसलात तर चौकटही जाईल, एवढे ध्यानात ठेवा.

गावकरी
नांगर कायमचा अडकवून टाका, `Lock anchor` त्यासाठीच असते.

मीनलताई
त्याने नांगर दुसऱ्या परिच्छेदावर जाण्याचे थांबते, चौकटीचे सरकणे थांबत नाही. मी ते शेवटी, सर्व जागा ठरल्यावरच लावते.

गावकरी
मी तर आधीच लावतो, आजवर अडचण आली नाही.

पत्रकवाला
नांगर शीर्षकाला चिकटलेला होता. ओढल्यावर चौकट परिच्छेदाबरोबर खाली सरकते. आता शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली आहे, तेवढी अक्षरे लहान करून आत घेतो.