मदत हवी आहे: लग्नाच्या सकाळी तिला काय लिहून पाठवू?

राजवाड्याचा_पोर: रविवारी इथे इंदूरलाच लग्न आहे, मुहूर्त ११.४० चा. ती तयार होताना वाचेल असा मेसेज पाठवायचाय. एवढं जमलंय: "तू आलीस आणि आयुष्याला अर्थ आला. जन्मोजन्मी तुझाच. बाबांना सांग, त्यांच्या परीला जपेन. झाली का तयारी?" कसा वाटतो? आणि पाठवू कधी?

मावशी_लोकमान्यनगर: यमक कुठाय रे? हे घे: "सराफ्यातली रबडी, राजवाड्याची शान, अमकीचं नाव घेतो, राखून सर्वांचा मान."

राजवाड्याचा_पोर: मावशी, उखाणा नकोय हो, मेसेज हवाय! (पण हा घेऊन ठेवतो.)

रातराणी: आदल्या रात्रीच टाकून दे. सकाळी फोन बघायला वेळ कुणाला असतो?

खोपा_नथ: वेळ नसतो हे खरं, पण रात्री पाठवलास तर हळदीच्या फोटोंखाली बुडेल. मी नवऱ्या सजवते. माझ्याकडे आधी केस, मग चेहरा. खोपा बांधून गजरे माळेपर्यंत मुलगी मान हलवू शकत नाही, पण हात मोकळे असतात. तेव्हा वाचू दे. डोळ्यांचं काम झाल्यावर रडली तर काजळ ओघळतं, चिकटवलेल्या पापण्यांचे कोपरे सुटतात. पुढे गौरीहराशी बसायचं असतं, पुन्हा करायला वेळ नसतो. कुणाकुणाकडे चेहरा आधी असतो, म्हणून तिच्या पार्लरवालीला विचार, केसांना किती वाजता बसवणार.

आणि "झाली का तयारी" काढ. आधीच दहा जणी तेच विचारत असतात. उत्तर द्यावं लागेल असं काही नको. फोन बहुतेक करवलीच्या हातात असतो, बंद स्क्रीनवर पहिली ओळ सगळ्यांना दिसते. ती साधी ठेव.

बाकीचं कुठल्याही नवरीला चालेल. तिला आज कशाची धास्ती आहे?

राजवाड्याचा_पोर: म्हणते, अंतरपाट काढला की कुठे बघू कळणार नाही, सगळे आपल्याकडेच बघत असतील.

खोपा_नथ: मग तेच लिही की!

रातराणी: माझ्या ह्यांनी नुसतं "उशीर करू नकोस" पाठवलं होतं. अजून ऐकवते.

राजवाड्याचा_पोर: बघा आता:
"केस होताना वाच, उत्तर नको.
अंतरपाट काढला की माझ्या मुंडावळ्यांकडे बघ. वाकड्या असणारच, दादा बांधणार आहे. हसू आलं तर हस, मीही हसेन. अक्षता डोळ्यात गेल्या तर दोघांच्याही जातील."
बाबांची ओळ ठेवू का?

खोपा_नथ: सकाळी नको. त्या ओळीनेच रडतात.

मावशी_लोकमान्यनगर: मला नाही पटत. बापाचं नाव त्या दिवशी नाही काढायचं तर कधी? थोडं रडू दे की.

राजवाड्याचा_पोर: तिच्या मावसबहिणीला विचारलं, केसांना ७.३० ला बसवणार आहेत. बाबांचं अजून ठरत नाहीये.